आकाशातले करडे ठिपके: जत्रेनंतर सेन्सर कसा तपासायचा, कुठवर साफ करायचा

लक्षणं

मोकळ्या आकाशाच्या, पांढऱ्या भिंतीच्या किंवा संथ पाण्याच्या फोटोत करड्या रंगाचे, कडा विरलेले गोल ठिपके दिसतात. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत ते त्याच जागी असतात. मंडपात एफ/२.८ वर काढलेले फोटो स्वच्छ निघतात आणि दुपारी राजहंसगडावर एफ/१६ ला काढलेल्या प्री-वेडिंगमध्ये नवरानवरीच्या डोक्यावर डझनभर ठिपके उगवतात. व्हिडिओत कॅमेरा फिरवला की मागचं दृश्य सरकतं, ठिपका मात्र जागचा हलत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लहान दिसतो म्हणून तिथं हे लक्षात येत नाही. बऱ्याचदा अल्बम छापणारा फोन करतो तेव्हाच कळतं.

बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर या पट्ट्यात ही तक्रार वर्षभर असते, पण माघातली चिंचलीच्या मायाक्कादेवीची जत्रा, वैशाखातली बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन झालं की माझ्या टेबलावर कॅमेऱ्यांची रांग लागते. भंडारा आणि गुलाल हे त्याचं कारण. साधी रस्त्याची धूळ आणि भंडारा यांत सफाईच्या दृष्टीनं मोठा फरक आहे, म्हणून इथं मुख्यतः जत्रेहून आलेल्या कॅमेऱ्याबद्दलच लिहितो. साध्या धुळीला यातल्या पहिल्या चार पायऱ्या पुरतात.

ठिपके बारीक अॅपर्चरलाच का दिसतात

धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढं काचेच्या फिल्टरचा एक थर असतो, धूळ त्याच्या वरच्या पृष्ठभागावर बसते. तिथून खाली प्रकाश टिपणाऱ्या पिक्सेलपर्यंत साधारण एक-दोन मिलिमीटरचं अंतर असतं. कॅमेऱ्यागणिक ते कमीजास्त होतं. म्हणजे फोटोत आपल्याला धूळ दिसत नाही, तिची सावली दिसते.

आभाळ भरून आलेलं असलं की अंगणात आपली सावली पडत नाही, कारण उजेड सगळ्या बाजूंनी येतो. कडक ऊन असलं की सावली रेखीव पडते, कारण उजेड एका लहानशा जागेतून येतो. लेन्सच्या अॅपर्चरचं नेमकं हेच आहे. एफ/२.८ ला उजेड रुंद जागेतून येतो आणि कणाच्या बाजूनं, खालून सगळीकडून सेन्सरवर पोचतो. एफ/१६ ला तो अरुंद होतो आणि सावली गोळा होते.

आकड्यांत बघायचं तर हिशेब सोपा आहे. कण ते पिक्सेल हे अंतर भागिले एफ आकडा, इतकी सावली पसरते. अंतर दीड मिलिमीटर धरलं तर एफ/२.८ ला सावली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त पसरते, एफ/१६ ला ०.०९ मिलिमीटर. आता कण ०.०५ मिलिमीटरचा असेल तर एफ/२.८ ला तो त्या जागेचा जेमतेम एक टक्का उजेड अडवतो, डोळ्याला कळणारच नाही. तोच कण एफ/१६ ला पाव हिश्शाहून जास्त उजेड अडवतो. कण तोच, जागा तीच, फक्त आकडा बदलला.

यातूनच निदानाची एक पक्की खूण मिळते. अॅपर्चर बारीक करत गेलं की सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका लहान आणि गडद होतो, उघडत गेलं की मोठा आणि फिका होऊन नाहीसा होतो. असं वागत नसेल तर ती फिल्टरवरची धूळ नव्हे, दुसरं काहीतरी आहे.

पहिली तपासणी: धूळ आहे का आणि कुठं आहे (खर्च नाही)

बॅटरी पूर्ण चार्ज करा. कॅमेरा अॅपर्चर प्रायॉरिटीवर, आयएसओ १००, एफ/२२. लेन्सला तो आकडा नसेल तर एफ/१६. फोकस मॅन्युअल करून अनंतावर न्या. समोर एकसारखा रंग दिलेली भिंत किंवा ढगाळ आकाश घ्या, भिंत असेल तर हातभर अंतरावरून. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडूनही चालतं. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाहीतर पांढरं पृष्ठ करडं येईल. शटर एखादा सेकंद उघडं राहिलं तर उत्तमच, त्या वेळात कॅमेरा मुद्दाम हलवत राहा. भिंतीवरचे खडे, रंगाचे फटकारे सगळे पुसले जातात आणि जे कॅमेऱ्याच्या आत आहे तेवढंच फोटोत उरतं. फोकस चुकलेला आणि हात हललेला फोटोच इथं आपल्याला हवा आहे.

फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीनं बघत जा. कॉन्ट्रास्ट वाढवला की फिके ठिपकेही वर येतात. हा फोटो ठेवून द्या, प्रत्येक पायरीनंतर असाच एक काढायचा आहे. त्याशिवाय सफाईचा उपयोग झाला की धूळ नुसती इकडची तिकडं गेली, हे कळणार नाही.

मग लेन्स बदलून तोच फोटो पुन्हा काढा. ठिपके तिथंच राहिले तर ते सेन्सरवरचे. दुसऱ्या लेन्सला ते काही पिक्सेल आत-बाहेर सरकलेले दिसतील, कारण प्रत्येक लेन्समधून उजेड येण्याचा कोन वेगळा असतो. त्यानं गोंधळू नका. ठिपके गायब झाले तर दोष लेन्सचा. पण लेन्सच्या आतली बारीक धूळ असे सुटे ठिपके पाडत नाही. तिनं फार तर फोटो थोडा धुरकट होतो किंवा मागच्या काचेवर मोठा कचरा असला तर एखादा भला मोठा फिका डाग येतो. "अण्णा, लेन्स उघडून साफ करून द्या की," असं म्हणत माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लेन्सना काहीच झालेलं नसतं.

व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याला दिसणारी आणि फोटोत न येणारी धूळ डीएसएलआरच्या फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर असते. तिचा फोटोशी संबंध नाही, तिच्या नादी लागू नका. आरशाला आणि त्या स्क्रीनला हात लावून नुकसान करून घेतलेले कॅमेरे मी धुळीनं खराब झालेल्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत. आणि ठिपका करडा नसून चमकदार लाल, निळा किंवा पांढरा बिंदू असेल तर तो बिघडलेला पिक्सेल आहे, तो पुसून जात नाही.

ठिपक्यांचा आकारही बोलतो. कडा विरलेला, वेडावाकडा असेल तर सुकी धूळ. वळलेली रेघ असेल तर धागा किंवा केस. अगदी गोल, कड स्पष्ट आणि भोवती उजळ वलय असेल तर तेलाचा किंवा ओलाव्याचा थेंब. शेवटचा प्रकार हवेनं जात नाही.

जागा शोधताना एक लक्षात ठेवा. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. कॅमेरा सरळ धरून माउंटमधून आत पाहिलं तर फोटोतलं वरचं खाली येतं, डावं मात्र डावीकडेच राहतं. म्हणजे आकाशातले ठिपके हे सेन्सरच्या खालच्या भागातले.

दुसरी तपासणी: एफ/१६ ची गरज होती का

लोकांना हे सांगितलं की राग येतो, पण पुष्कळ वेळा खरा उपाय हाच असतो. भर दुपारी फ्लॅश लावून काढायचं तर शटर १/२०० च्या आसपास अडतं आणि आयएसओ १०० ला अॅपर्चर आपोआप एफ/११ ते १६ वर जातं. व्हिडिओवाल्यांचं त्याहून वाईट: शटर १/५० ठेवायचं म्हणून उन्हात एफ/२२ गाठतात आणि मग ठिपके तासभराच्या चित्रीकरणात हलत नाहीत. फोटोतला ठिपका एका क्लिकमध्ये जातो, पण चालत्या व्हिडिओतला काढणं भलतं किचकट काम आहे.

यावर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लेन्सवर लावा. तीन-चार स्टॉपचा फिल्टर लावला की एफ/१६ ऐवजी एफ/४ किंवा ५.६ वर काम होतं आणि ठिपके दिसेनासे होतात. शिवाय एफ/१६ च्या पुढं डिफ्रॅक्शनमुळे सगळाच फोटो मऊ होत जातो, म्हणजे तीक्ष्णपणासाठी म्हणून एफ/२२ वापरणाऱ्याला तीक्ष्णपणाही मिळत नाही. निसर्गदृश्यालाही एफ/८ ते ११ बहुतेक वेळा पुरतं. एफ/११ ला स्वच्छ आकाशात एक-दोन फिके ठिपके दिसत असतील तर त्यासाठी सेन्सरला हात लावायचं कारण नाही. पूर्ण निर्मळ सेन्सर असा वापरातल्या कॅमेऱ्यात नसतोच.

जे फोटो आधीच काढून झालेत त्यांच्यासाठी लाइटरूममध्ये `Visualize Spots` चालू करा, एका फोटोतले ठिपके काढा आणि तीच दुरुस्ती बाकीच्या आकाशाच्या फोटोंना `Sync` करा. प्रत्येक फोटोवर नजर मात्र टाका, नाहीतर ठिपक्याच्या जागी आलेल्या नवरीच्या डोळ्याचीही "सफाई" होते. बऱ्याच कॅनन कॅमेऱ्यांत `Dust Delete Data` आणि निकॉनमध्ये `Dust Off ref photo` असतं. त्यात पांढऱ्या पानाचा एक नमुना घेऊन कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर ठिपके काढतं. ते फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये चालतं, हे ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी: कॅमेरा न उघडता

कॅमेऱ्याची आपोआप सफाई म्हणजे सेन्सरपुढची काच अतिवेगानं थरथरवणं. ही सोय २००३ च्या ऑलिंपस ई-१ पासून सुरू झाली आणि आता बहुतेकांत असते. लेन्स लावलेली ठेवा, कॅमेरा टेबलावर तळ खाली करून नेहमीसारखा ठेवा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. आडवा किंवा उताणा ठेवू नका. पाच-सहा वेळा चालवा आणि पुन्हा चाचणीचा फोटो काढा. सुकी मोठी धूळ जाते. चिकटलेली आणि तेलकट जात नाही, आणि त्यापुढं दहा वेळा चालवूनही जाणार नाही.

जत्रेहून आलेल्या कॅमेऱ्याची याहून महत्त्वाची गोष्ट बाहेरून करायची असते, आणि तीच नेमकी वगळली जाते. भंडारा कॅमेऱ्याच्या सांध्यांत, लेन्सच्या कड्यांत, माउंटच्या भोवती बसलेला असतो. तशीच लेन्स काढली की तो सगळा आत उतरतो. म्हणून आधी लेन्स लावलेली असतानाच मऊ ब्रशनं बाहेरून झाडून घ्या, वरून खाली. झूमची नळी पूर्ण बाहेर काढून तिच्यावरची पिवळी पूड झाडा, मग आत घ्या. झूम आत-बाहेर करताना हवा ओढतो आणि नळीवरचं सगळं आत जातं. माउंटच्या भोवती सुक्या मायक्रोफायबरनं पुसा. ओलं फडकं वापरलंत तर हळदीचा लगदा होईल.

बॉडी कॅप आणि लेन्सची मागची कॅप साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. या दोन झाकणांच्या आत जितकी धूळ असते तितकी बाहेरच्या रस्त्यावरून येत नाही. खिशात ठेवलेली कॅप म्हणजे धाग्यांचा साठा. पिशवीही उलटी करून झाडा, शक्य असेल तर व्हॅक्यूम फिरवा.

चौथी पायरी: हातातला रबरी ब्लोअर

पंखा बंद, खिडक्या बंद. रात्री बाथरूममध्ये आंघोळीनंतर थोड्या वेळानं हवा जरा दमट असते आणि धूळ खाली बसलेली असते, तेव्हा हे काम चांगलं होतं. फक्त वाफ निवलेली हवी.

कॅमेऱ्यात हातानं सफाई करण्याचा पर्याय असतो, तोच वापरा. कॅननमध्ये `Clean manually`, निकॉनच्या डीएसएलआरमध्ये `Lock mirror up for cleaning`. बॅटरी कमी असेल तर तो पर्याय करडा दिसतो आणि निवडता येत नाही, कारण मध्येच वीज गेली तर आरसा आणि शटर खाली येतं. बल्ब मोडवर बटण दाबून धरून सफाई करायची शक्कल कुणी सांगितली तर ऐकू नका: बोट निसटलं की शटरचे पातळ पडदे तुमच्या हातातल्या वस्तूवर आपटतात. मिररलेसला आरसा नसतो, पण काही मॉडेलं बंद केली की शटर मिटून घेतात. तशा मिटलेल्या पडद्यावर हवा मारू नका; तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानंच उघडा.

ब्लोअर आधी बाहेर चार-पाच वेळा जोरात दाबा, त्याच्या पोटातली धूळ जाऊ द्या. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा, ब्लोअरचं टोक माउंटच्या पातळीपर्यंतच ठेवा, आत घुसवू नका, आणि कोनातून आठ-दहा झोत मारा. मग त्याच स्थितीत थोडा थांबा, उडालेलं खाली पडू द्या, आणि लेन्स लावा. पुन्हा चाचणीचा फोटो.

तीन गोष्टी चालत नाहीत. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा सूक्ष्म थेंबही गोल डाग सोडतो. हवेचा स्प्रेचा डबा नको, त्यातून गार द्रव उडून काचेवर गोठतो. आणि पंक्चरवाल्याचा कंप्रेसर तर अजिबात नको. ही सूचना हसण्यासारखी वाटेल, पण हायवेवर थांबून असं केलेले कॅमेरे येतात. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, आणि झोत शटरचा पडदा वाकवण्याइतका जोरकस असतो.

सुक्या धुळीचं काम इथं संपतं. जत्रेच्या कॅमेऱ्यासाठी ही पायरी घाईनं उरकू नका, दोन-तीनदा करा. त्याचं कारण पुढं आहे.

पाचवी पायरी: ओला स्वॉब, आणि भंडाऱ्याचा प्रश्न

इथून पुढं धोका खरा आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका ग्राहकाला ब्लोअरपर्यंतच परवानगी देतात आणि न गेलेल्या डागांसाठी सेवा केंद्राकडे यायला सांगतात. कॅमेरा वॉरंटीत असेल तर ही पायरी वगळा. हात थरथरत असेल, किंवा उद्या सकाळी लग्न असेल, तरीही वगळा.

स्वॉब म्हणजे टोकाला मऊ कापड गुंडाळलेली पट्टी. ती सेन्सरच्या उंचीइतकी रुंद घ्यावी लागते: फुल फ्रेमला २४ मिलिमीटर, एपीएस-सीला १६. बंद पाकिटातले, एकदा वापरून टाकायचे. कानाचा कापूस, चष्म्याचं फडकं, मेडिकलमधलं स्पिरिट हे पर्याय नाहीत. कापूस धागे सोडतो आणि स्पिरिटमधली भर वाळल्यावर डाग ठेवते. सेन्सर सफाईचे जुने नावाजलेले द्रव अतिशुद्ध मिथेनॉलचे असतात. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात, देवापुढं निरांजन असताना किंवा मुलं आसपास असताना ती बाटली उघडू नका. काही संचांत अल्कोहोल नसलेला द्रवही येतो.

आता भंडारा. हळदीची पूड बारीक असते आणि तिच्यात तेलाचा अंश असतो, म्हणून ती काचेला धरून बसते. तिचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र चांगला विरघळतो. म्हणजे काचेवर सुकी पूड असताना मिथेनॉलचा स्वॉब फिरवला तर ठिपक्यांच्या जागी पिवळसर पट्टा तयार होतो. गुलालाच्या रंगाचंही तसंच होऊ शकतं. आणि जत्रेत पूड एकटी कधीच नसते, तिच्याबरोबर पायाखालची माती उडालेली असते. तिच्यातल्या वाळूच्या कणावर स्वॉब दाबून ओढला तर ओरखडा पडतो, आणि ओरखड्याला फिल्टर बदलण्यावाचून इलाज नाही. म्हणून आधी ब्लोअर, पुन्हा ब्लोअर, आणि चाचणीच्या फोटोत ठिपके कमी व्हायचे थांबले की मगच ओलं काम.

चिकोडीकडच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा चिंचलीहून थेट माझ्याकडे आला होता, त्यावर हे सगळं नीट दिसलं. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी डीएसएलआर, जत्रेच्या गर्दीत लेन्स बदललेली. एफ/२२ च्या पहिल्या चाचणीत चाळीसेक ठिपके, बहुतेक फोटोच्या वरच्या उजव्या भागात. माउंटच्या कड्यावर पिवळी रेघ स्पष्ट दिसत होती. आपोआप सफाईनं चार-पाच गेले. मग बाहेरून झाडलं, माउंट पुसलं आणि ब्लोअर मारला: पंधरा राहिले. थोड्या वेळानं पुन्हा ब्लोअर: नऊ. तिसऱ्यांदा मारूनही नऊच राहिले, त्यातला एक उजळ वलयाचा, तेलाचा. इथं स्वॉब काढला.

१६ मिलिमीटरच्या स्वॉबच्या कडेवर द्रवाचे दोनच थेंब टाकले आणि ते कापडात पसरायला काही सेकंद दिले. स्वॉब ओला चिंब दिसता कामा नये. डाव्या कडेला टेकवून, हलकासा तिरका धरून, एकाच सलग ओढीत उजव्या कडेपर्यंत नेला. मग दुसरी बाजू करून उजवीकडून डावीकडे. दाब किती? स्वॉबची पट्टी किंचित वाकेल इतका, त्याहून जास्त नाही. मध्ये थांबायचं नाही, घासायचं नाही. त्या स्वॉबला फिकट पिवळी छटा आली होती, म्हणून तो टाकून दिला. चाचणीत तीन ठिपके आणि उजव्या कडेला पुसट उभा पट्टा दिसला. पट्टा म्हणजे द्रव जास्त झाल्याची किंवा रंग ओढला गेल्याची खूण. नवा स्वॉब घेतला, या वेळी एकच थेंब. पट्टा गेला, तेलाचा थेंब गेला, अगदी कोपऱ्यात एक ठिपका उरला. तो तसाच ठेवला. कडेला जमलेला कचरा पुन्हा ओढून मध्यावर आणण्यात काही शहाणपण नाही, आणि एफ/११ ला तो दिसतही नव्हता.

सेन्सर हलणारा असेल तर

आत स्थिरीकरण असलेल्या मिररलेसमध्ये सेन्सर चुंबकाच्या आधारानं तरंगत असतो. स्वॉब टेकवल्यावर तो किंचित सरकला तर घाबरू नका, पण त्याला कडेपर्यंत ढकलत नेऊ नका. सोनीच्या कॅमेऱ्यांत सफाईचा पर्याय आधी सेन्सर थरथरवतो आणि मग कॅमेरा बंद करायला सांगतो. तो क्रम पाळा. पहिल्यांदाच स्वॉब करणाऱ्यानं अशा कॅमेऱ्यावर शिकू नये असं माझं मत आहे.

इथं थांबा

दोन स्वॉब झाले आणि ठिपका जागचा हलला नाही, की तिसरा काढू नका. जो डाग अॅपर्चर उघडल्यावरही स्पष्टच राहतो तो फिल्टरच्या खाली, पिक्सेलच्या जवळ असण्याची शक्यता असते. तिथं बाहेरून पोचताच येत नाही. सरळ रेघ दिसत असेल आणि सफाईनंतर तिच्यात काहीच फरक नसेल तर ओरखडा. फांद्यांसारख्या जाळ्या दिसत असतील तर बुरशी. खानापूर, जांबोटीच्या पावसाळ्यात पिशवीत बंद राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती लेन्समध्ये नेहमी आणि क्वचित सेन्सरच्या काचेवरही दिसते. द्रव कडेनं खाली उतरला असं वाटलं तर बॅटरी काढा आणि कॅमेरा चालू करून बघण्याचा मोह टाळा. शटरच्या पडद्याला काही लागलं, चालू करताना वेगळा आवाज आला, एररचा संदेश दिसला, किंवा फोटो एका बाजूला फोकसबाहेर जाऊ लागला तर तुमच्या हातातलं काम संपलेलं आहे.

वलय असलेले तेलाचे थेंब साफ करूनही दर काही शेकडा फोटोंनंतर परत येत असतील तर स्वॉबवर पैसे घालवू नका, उगम शटरच्या यंत्रणेत आहे. निकॉन डी६०० चं हे उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये आलेल्या त्या मॉडेलच्या सेन्सरवर डाग जमत, आणि कंपनीनं २०१४ मध्ये तपासणी आणि शटर बदलून देण्याचं काम मोफत केलं. आज जुना डी६०० घेत असाल तर शटर बदललंय का हे विचारा आणि एफ/१६ चा आकाशाचा फोटो काढून बघा.

सेवा केंद्राकडे पाठवताना

आपल्याकडे गावात "सेन्सर क्लिनिंग" करून देणारी दुकानं आहेत, काही खरोखर चांगलं करतात. कोणता द्रव, कोणता स्वॉब, तुमच्यासमोर करणार का, एवढं विचारा. उत्तर देताना टाळाटाळ झाली, किंवा टेबलावर वापरलेला स्वॉब पुन्हा वापरायला ठेवलेला दिसला, तर कॅमेरा उचला आणि या. वॉरंटीतला कॅमेरा मात्र अधिकृत केंद्रातच न्या. तुमच्या कंपनीचं जवळचं केंद्र कुठं आहे ते तिच्या संकेतस्थळावर बघून आधी फोन करा. कोल्हापूर किंवा हुबळीत काम होणार असेल तर दिवसात जाऊन येता येतं. पुणे, बंगळूरला पाठवायचं तर लग्नसराईच्या आधीचा किंवा नंतरचा काळ निवडा.

कार्ड, बॅटरी, पट्टा, फिल्टर काढून घ्या आणि स्वच्छ बॉडी कॅप लावून पाठवा. सीरियल नंबरचा आणि बॉडीच्या चारही बाजूंचा फोटो स्वतःकडे ठेवा. सोबत एफ/२२ चा चाचणीचा फोटो छापून किंवा पाठवून द्या, ठिपक्यांवर खूण करून. भंडारा किंवा गुलाल गेलाय, आणि स्वॉब केला असेल तर कोणता, हे स्पष्ट लिहा; लपवलं तर तंत्रज्ञ नेहमीची सफाई करेल आणि तो पिवळा पट्टा तुमच्या पदरात परत येईल. खर्चाचा अंदाज लेखी मागा, कारण नुसती सफाई आणि फिल्टर किंवा सेन्सरचा भाग बदलणं यांच्या किमतीत फार अंतर असतं. जुन्या कॅमेऱ्याला दुसरा खर्च सांगितला तर बहुतेक वेळा तोच पैसा दुसऱ्या बॉडीत घालणं बरं पडतं.

कॅमेरा परत हातात आला की काउंटरवरच लेन्स लावा, एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. मग दूरच्या एखाद्या पाटीवर फोकस करून डावी-उजवी कड सारखीच तीक्ष्ण येते का तेही बघा. पावतीवर सही त्यानंतर करा.